तिकीट माझं, पैसे माझे, मग माणूस माझा का नको?

आमच्या दाजींचा उद्यमनगरात पंपाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. जानेवारीत बंगळुरूला तुमकूर रस्त्यावर यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, आयमटेक्स. तिथं जाऊन एक लेथ बघायचं त्यांनी दिवाळीतच ठरवलं होतं. स्वतः दाजी, त्यांचे भागीदार आणि कारखान्यातले फोरमन अशी तिघांची कोल्हापूर ते बंगळुरू जाण्या-येण्याची तिकिटं त्यांनी पाच आठवडे आधी काढली. माणशी जायचे 4,200 आणि यायचे 4,200. निघायला चार दिवस उरले असताना फोरमन शिरोलीच्या नाक्यावर मोटारसायकलवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांच्या जागी भाच्याला न्यायचं असं रात्री जेवताना ठरलं. भाचा डिप्लोमा झालेला, लेथ त्याला फोरमनइतकी नाही, पण दाजींपेक्षा नक्की जास्त कळते.

सकाळी दाजींनी फोन लावला. पलीकडून नम्रपणे उत्तर आलं की तिकिटावरचा प्रवासी बदलता येत नाही, हे तिकीट रद्द करून दुसरं काढा. दाजींनी जे विचारलं ते उद्यमनगरातल्या कुणीही विचारलं असतं, "अहो, तिकीट माझं, पैसं माझं, मग माणूस माझा का नको? माणूस बदलला म्हणून विमान जड होतंय काय?"

पलीकडून उत्तर आलं, "सुरक्षेच्या कारणास्तव, सर."

या तीन शब्दांवर माझा पहिला आक्षेप आहे. नियमच चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्यातला बराच भाग योग्य आहे, ते पुढे येईलच. पण जे कारण सांगितलं जातं ते खरं कारण नाही, आणि खरं कारण झाकल्यामुळं नियमात कुठं सूट देता येईल ही चर्चाच आपल्याकडं होत नाही.

सुरक्षेचं आधी पाहू. उजळाईवाडीच्या विमानतळावर दारातला जवान बघतो काय? तिकिटावरचं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावरचं नाव एक आहे का, आणि ओळखपत्रावरचा फोटो समोरच्या माणसाचा आहे का. बंगळुरूसारख्या ठिकाणी डिजियात्रेत तेच काम कॅमेरा करतो. हे तिकीट पाच आठवड्यांपूर्वी कुणाच्या नावावर होतं, हे त्या दारात कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नाही. भाच्यानं त्याच विमानाचं नवं तिकीट सुटण्याआधी काही तास काढलं असतं, तरी कुणी हरकत घेतली नसती. म्हणजे काल ज्याचं नावही विमान कंपनीला माहीत नव्हतं, असा माणूस आज पूर्ण भाडं भरून चढला तर सुरक्षेला धोका नाही, आणि तोच माणूस चार दिवस आधी फोरमनच्या जागी नोंदवला तर धोका आहे. हे तर्काला धरून नाही.

सुरक्षेसाठी एवढंच लागतं की उडताना यादीतलं नाव आणि खुर्चीतला माणूस एकच असावा. त्यासाठी दुसऱ्याच्या तिकिटावर, दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवून जायला बंदी हवीच. तसं केलं तर तो तोतयेगिरीचा गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेच्या 319 व्या कलमाखाली. पण फोरमनचं आधार कार्ड भाच्याच्या खिशात घालून पाठवा असं दाजी म्हणत नव्हते. यादीतलं नावच उघडपणे बदला असं ते म्हणत होते.

गंमत म्हणजे अमेरिकेत 1996 पर्यंत देशांतर्गत विमानात ओळखपत्र असं कुणी फारसं बघतच नसे. ज्याला जाता येत नाही तो वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन आपलं परतीचं तिकीट विकून टाकायचा. घेणारा त्याच्या नावानं चढायचा. तिकिटावर ‘हस्तांतरणीय नाही’ असं तेव्हाही छापलेलं होतंच, पण ते अमलात आणायला कंपन्यांकडं साधन नव्हतं. 1996 च्या जुलैत न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए 800 हे विमान समुद्रात कोसळलं. त्यानंतर ओळखपत्राची तपासणी सुरू झाली आणि जाहिरातींचा तो बाजार संपला. त्या विमानाचा अपघात बॉम्बनं नव्हे, इंधनाच्या टाकीतल्या स्फोटानं झाला, असं पुढे चौकशीत निघालं. तपासणी मात्र राहिली. सुरक्षेचा नियम सुरक्षेसाठी आला असेल, पण कंपन्यांना जे कुंपण कधी घालता आलं नव्हतं ते त्यानं फुकटात घालून दिलं.

कुंपण कशाला? इथं खरं कारण सुरू होतं.

राजारामपुरीत एक जुने तिकीट एजंट आहेत. दाजींचं प्रकरण घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, "तुम्ही खुर्ची विकत घेतली असं समजताय. तसं नसतं ते. त्या विमानात सत्तर-ऐंशी खुर्च्या सारख्याच, पण त्यांच्यावर भाव सात-आठ." एकच खुर्ची, एकच चहा, एकच वेळ. पण पाच आठवडे आधी ती 4,200 ला मिळते आणि चार दिवस आधी 7,900 ला. कंपनी खुर्च्यांचे कप्पे करते. पहिल्या कप्प्यात स्वस्तातल्या थोड्या, तो संपला की पुढचा. (याच कारणानं तिघांचं तिकीट एकदम काढताना जपावं. स्वस्त कप्प्यात दोनच खुर्च्या उरल्या असतील, तर बहुतेक ठिकाणी तिघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लागतो. दोन आणि एक असं काढून बघावं.)

ही पद्धत रुजली ती अमेरिकेत. 1978 मध्ये तिथं विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं नव्या स्वस्त कंपन्यांशी टक्कर द्यायला काही खुर्च्या अगदी कमी भावात काढल्या. अट अशी की बऱ्याच आधी घ्यायचं आणि मग मागे फिरायचं नाही. बाकीच्या खुर्च्या महागच ठेवल्या. लवकर ठरवू शकणारा, खिशाला जपणारा प्रवासी स्वस्त खुर्ची घेई. ज्याला परवाच पोहोचायचंय, ज्याचं बिल कंपनी भरते, तो महाग खुर्ची घेई. दोघांच्या मधे भिंत होती ती फक्त अटींची.

आता समजा, तिकीट कुणालाही देता येतं. त्या भिंतीला पहिलं भोक तिथंच पडेल. आपल्या गावापुरतं बोलू. कोल्हापूरहून उडणारी विमानं लहान. स्वस्त कप्प्यात फार तर दहा-पंधरा खुर्च्या. गणपतीच्या आधीची, दिवाळीच्या सुट्टीची, मे महिन्यातली तिकिटं विक्रीला निघाली की त्याच दिवशी एखादा दलाल पन्नास-साठ हजारांत त्या सगळ्या उचलेल. मग शेवटच्या आठवड्यात, कंपनीच्या भावापेक्षा पाचशे रुपये कमी सांगून, एकेक विकत बसेल. पूर्वी चित्रपटगृहाबाहेर ‘पाच का दस’ चालायचं, तसंच हे. कंपनीच्या हातातला शेवटच्या क्षणाचा महाग गिऱ्हाईक दलालाकडं जाईल. आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी काय करेल? स्वस्त कप्पाच काढून टाकेल. पाच आठवडे आधी घेतलं काय आणि चार दिवस आधी घेतलं काय, भाव एकच, मधला कुठंतरी. नुकसान होईल ते पाच आठवडे आधी तिकीट काढणाऱ्याचं, म्हणजे दाजींचंच.

म्हणून ‘तिकीट माझं, कुणालाही देईन’ ही मागणी मला मान्य नाही. मोठ्या शहरांच्या रोजच्या दहा-वीस विमानांपेक्षा लहान गावच्या लहान विमानांत हा धोका जास्त आहे. तिथं मक्ता धरायला भांडवलही कमी लागतं.

पण नियम जिथं योग्य आहे तिथंच तो थांबत नाही. प्रवासी बदलणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते दाजींच्या बिलावर पाहू.

तिघांची नावं एकाच पीएनआरवर होती. पीएनआर म्हणजे सहा अक्षर-आकड्यांची एक नोंद. तिच्यात प्रवाशांची नावं, कुठून कुठं, तारीख, संपर्क आणि पैसे भरल्याची खूण एवढं असतं. नाव `PATIL/RAJENDRA MR` अशा साच्यात बसतं. फोरमनला वगळायचं तर आधी त्या नोंदीचे दोन तुकडे करावे लागतात, दोघांचा एक आणि फोरमनचा एक. मग फोरमनचा तुकडा रद्द होतो आणि त्याची खुर्ची कंपनीच्या साठ्यात परत जाते. ती 4,200 च्या कप्प्यात जात नाही. तो कप्पा कधीच बंद झालेला असतो. ती त्या दिवशी जो कप्पा उघडा असेल त्याच्या भावानं विक्रीला लागते. भाच्याचं तिकीट म्हणजे नवा पीएनआर, नवं भाडं, आणि बसायला दाजींपासून लांब कुठंतरी.

आता पैसे. 4,200 मध्ये मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून 3,300 होते, उरलेले 900 विमानतळाचे आकार, सुरक्षा शुल्क आणि कर. कंपनीचं रद्द करायचं शुल्क होतं 3,500 किंवा मूळ भाडं, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे 3,300 पूर्ण गेले. आणि हे शुल्क माणशी असतं तसंच प्रत्येक फेरीचंही असतं. जायचे 3,300 आणि यायचे 3,300. हातात यायचे राहिले दोन फेऱ्यांचे 1,800. तिकीट ज्या संकेतस्थळावरून काढलं होतं, त्यांनी आपली सेवा म्हणून फेरीला 300 प्रमाणे 600 कापले. आले 1,200. भाच्याचं नवं तिकीट जायचं 7,900 आणि यायचं 6,400, म्हणजे 14,300. एका माणसाला बंगळुरू दाखवून आणायला एकूण 21,500 रुपये लागले. 8,400 मध्ये व्हायचं ते काम.

कंपनीच्या बाजूनं बघितलं तर खुर्चीत प्रवासी एक बसला आणि भाडी दोन मिळाली. फोरमनचे 6,600 राहिले, वर भाच्याचं पूर्ण भाडं. नाव बदलायला कंपनीला जो खर्च आला असता, तो संगणकावरच्या काही मिनिटांच्या कामाचा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. कंपनीला सगळे पैसे गिळता येत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. आणि सरकारी कर, विमानतळाचं वापर शुल्क वगैरे परत करावंच लागतं. तिकीट रद्द केलं तरी, आणि माणूस विमानाला पोहोचलाच नाही तरी. ‘नॉन रिफंडेबल’ लिहिलेल्या सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे. पण न गेलेल्या प्रवाशांतले किती जण हे 900 मागायला जातात? आमच्या ओळखीत तरी एकही नाही. ‘गेलं ते गेलं’ म्हणून सोडून देतात. शिवाय परतावा रोख घ्यायचा की पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडं जमा ठेवायचा, हे ठरवायचा हक्क प्रवाशाचा आहे. कंपनीनं परस्पर जमा करून टाकायचं नसतं.

दुसरी गल्लत होते ती नाव दुरुस्तीची. प्रवासी बदलणं वेगळं आणि त्याच प्रवाशाचं चुकलेलं नाव सुधारणं वेगळं. त्याच माणसाच्या नावातली चूक तिकीट काढल्यापासून 24 तासांत दाखवून दिली आणि तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलं असेल, तर दुरुस्तीला पैसे घेता येत नाहीत. त्यानंतरही पुष्कळ कंपन्या दोन-तीन रोमन अक्षरांची चूक सुधारून देतात, काही पैसे घेऊन देतात. आपल्याकडं ही भानगड नेहमीची. आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. मधे वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर आधार बदललेलं, पॅन जुनंच. सून माहेरच्या नावानं तिकीट काढून सासरच्या आधारवर उभी राहते. इथं मात्र कंपन्यांचं सावध असणं मला समजतं. कारण दुरुस्तीच्या नावाखाली माणूसच बदलायची युक्ती लोकांनी आधीच शोधलेली आहे. सुरेश पाटीलचा रमेश पाटील करायला रोमनमध्ये तीन अक्षरं पुरतात.

आता मुख्य प्रश्न. कंपन्यांना प्रवासी बदलता येत नाही, की बदलायचा नाही?

येतो. त्याचे दोन पुरावे. पहिला आपल्याच गावातला. काश्मीर, चारधाम अशा सहली काढणारे लोक विमानात दहा किंवा जास्त खुर्च्यांचा गट एकदम धरून ठेवतात. तेव्हा कुणाचंच नाव दिलेलं नसतं. थोडी रक्कम भरायची, आणि नावं उड्डाणाच्या काही दिवस आधी द्यायची. तोवर सहलीतून जोशीकाकू गळल्या आणि कदमकाकू आल्या, तर कुणाला कळतही नाही. म्हणजे नावाशिवाय खुर्ची विकणं, नाव नंतर भरणं, हे सगळं याच यंत्रणेत रोज चालतं. राजारामपुरीचे एजंट तर हसत म्हणाले, "तुमचे दाजी तिघं होते म्हणून अडलं. दहा असते तर वाट निघाली असती."

दुसरा पुरावा युरोपातला. रायनएअर आणि इझीजेट या स्वस्त कंपन्या तिकिटावरचा माणूस पूर्णपणे बदलू देतात, पैसे घेऊन. रायनएअरचं शुल्क इतकं आहे की अनेकदा मूळ तिकीटच त्यापेक्षा स्वस्त असतं. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या एका विद्यार्थ्याचं तिकीट त्याच्या मैत्रिणीच्या सावत्र वडिलांनी काढलं, आणि त्याचं आडनाव फेसबुकवर बघून घातलं. तिथं त्यानं थट्टेनं भलतंच आडनाव लावलेलं होतं. दुरुस्तीला कंपनीनं 220 पौंड मागितले. पोरगं हुशार. त्यानं कायद्यानं स्वतःचंच आडनाव बदललं, ते फुकट होतं, आणि 103 पौंडात नवा पासपोर्ट काढला. तिकिटावरचं नाव बदलण्यापेक्षा स्वतःला बदलणं निम्म्यात पडलं.

या गोष्टीवर हसून झालं की एक मुद्दा लक्षात येतो. केवळ शुल्क लावून हा प्रश्न सुटत नाही. शुल्क कमी ठेवलं, समजा हजार रुपये, तर दलालाला ते परवडतं. 4,200 चं तिकीट 7,400 ला विकताना हजार गेले तरी त्याला 2,200 सुटतात. शुल्क दलालाला परवडणार नाही इतकं वाढवलं, तर ते दाजींनाही परवडत नाही. पैशाची चाळणी दलाल आणि दाजी यांच्यात फरक करू शकत नाही. फरक करायचा तर दुसरी चाळणी लागते. ती आपल्याच देशात कित्येक वर्षं वापरात आहे, फक्त ती रेल्वेची आहे म्हणून कुणी तिच्याकडं बघत नाही.

1989 च्या रेल्वे कायद्याचं 53 वं कलम सांगतं की एकाच्या नावाचं तिकीट दुसऱ्यानं वापरायचं नाही. तिथंही तिकीट हस्तांतरणीय नाहीच. दलालाला शिक्षेची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पण त्याच कलमात सूट दिलेली आहे की ठरवून दिलेल्या परिस्थितीत रेल्वेचा अधिकारी नाव बदलून देऊ शकतो. ती परिस्थिती अशी. हरिप्रियानं तिरुपतीला निघालेले वडील आजारी पडले, तर गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आपल्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरच्या आरक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा, नातं दाखवणारा कागद आणि ओळखपत्र जोडायचं, आणि त्याच आरक्षणावर मुलगा जातो. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, एवढ्याच नात्यांत. तिकीट पक्कं हवं, आणि बदल एकदाच. सरकारी कामावरच्या कर्मचाऱ्याच्या जागी दुसरा कर्मचारी जायचा असेल, तर कार्यालयाचं पत्र. लग्नाच्या वऱ्हाडासाठी 48 तास आधी, वऱ्हाडाच्या प्रमुखाचा अर्ज.

ही चाळणी पैशाची नाही, नात्याची आहे. दलालाला पाटलांच्या घरातला भाऊ होता येत नाही. विमानाला हीच पद्धत का लावू नये, याला मला आजवर पटणारं उत्तर मिळालेलं नाही. फोरमन आणि भाचा यांचं नातं नव्हतं, पण दोघंही एकाच कारखान्याच्या कामाला निघाले होते. तेही विमानाच्या तिकिटावर दिसतं. धंद्यासाठी जाणारे लोक कराचा परतावा मिळावा म्हणून तिकीट काढताना कारखान्याचा जीएसटी क्रमांक घालतात. दाजींनीही घातला होता. रेल्वे सरकारी कार्यालयाचं पत्र मान्य करते. विमान कंपनीच्या नोंदीत तर कारखान्याचा क्रमांक आधीच बसलेला आहे.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. देशांतर्गत तिकिटावरचा प्रवासी एकदाच, उड्डाणाच्या 48 तास आधीपर्यंत, रेल्वेच्या यादीतल्या नात्यांत किंवा एकाच जीएसटी क्रमांकाखालच्या कर्मचाऱ्यांत बदलता यावा. शुल्क ठरावीक असावं, ते तिकीट घेतानाच दिसावं, आणि भाड्यातला फरक मागू नये. परदेशी प्रवासाला मी यात आणत नाही. तिथं व्हिसा आणि पासपोर्ट माणसाला चिकटलेले असतात, प्रवाशांची माहिती दुसऱ्या देशाला आधी द्यावी लागते, तो गुंता वेगळा.

कंपन्यांचा यावरचा एक आक्षेप रास्त आहे. स्वस्त तिकीट स्वस्त असतं ते धोका प्रवाशानं पत्करलेला असतो म्हणून. पाच आठवड्यांत पाय मोडू शकतो, तो धोका 4,200 च्या भावात धरलेला आहे. तो कमी केला तर भाव थोडा वाढेल. मला हे मान्य आहे. शंभर-दोनशेनं वाढला तरी चालेल, बाकीच्यांनाही चालेल असा माझा अंदाज आहे, कारण मोडणारा पाय कुणाचा असेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. दुसरा आक्षेप, की नातं तपासायला माणसं आणि वेळ लागतो. रेल्वेनं ते रेशन कार्डावर आणि एका खिडकीवर इतकी वर्षं निभावलंय. चेहरा ओळखणारे कॅमेरे लावणाऱ्या धंद्यानं हे कारण सांगू नये.

आणि यातलं काहीच होणार नसेल, तर निदान फोनवर खरं सांगा. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ऐवजी ‘हे तिकीट स्वस्त होतं, आणि माणूस बदलू देणं आम्हाला परवडत नाही’ असं म्हणा. दाजी धंदेवाले आहेत. कास्टिंगचा भाव वाढला की गिऱ्हाईकाला कारण सांगावं लागतं हे त्यांना रोजचं आहे. परवडत नाही हे उत्तर त्यांना समजलं असतं. समजलं नाही ते दुसरंच. त्यांच्या भाच्यापासून देशाला धोका आहे असं कुणीतरी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि लगेच 14,300 घेऊन त्यालाच विमानात बसवलं.

भाचा गेला. लेथ बघितली, बोलणी झाली. जाताना विमान पूर्ण भरलं होतं. फोरमनची 12 सी ची खुर्ची दाजींच्या शेजारची. तिथं इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले बसले होते. दाजींनी विचारलंच, तिकीट कधी काढलं? ते म्हणाले, परवा. केवढ्याला, ते दाजींनी विचारलं नाही. भाचा मागं 18 डी ला होता.

1,200 रुपये तेराव्या दिवशी खात्यात आले. दाजींनी त्यातून फोरमनना फळं आणि खाऊ नेला.